वेबिनारची प्रश्नपेटी

ऑनलाइन मीटिंग आणि वेबिनार पडद्यावर सारखेच दिसत असले तरी दोन्हींची घडण वेगळी असते. मीटिंगमध्ये आलेल्या प्रत्येकाला माइक असतो, कॅमेरा असतो आणि सगळ्यांना सगळे दिसतात. वेबिनारमध्ये माणसांचे सरळ दोन भाग पडतात. बोलणारे मोजके असतात, त्यांना पॅनेलिस्ट म्हणतात. ऐकणारे कितीही असू शकतात, ते अटेंडी, म्हणजे श्रोते. श्रोत्यांना वक्ते दिसतात, ऐकू येतात. पण श्रोते एकमेकांना दिसत नाहीत आणि त्यांचा माइक आयोजकांनी दिल्याखेरीज चालू होत नाही. त्यामुळे तीनशे लोक असूनही कुणाच्या घरचा मिक्सर किंवा रस्त्यावरचा हॉर्न व्याख्यानात घुसत नाही. मात्र श्रोत्यांचा आवाज असा बंद केला, की त्यांना बोलायला दुसरी वाट द्यावी लागते. ही वाट म्हणजे प्रश्नपेटी. श्रोता आपला प्रश्न तिथे लिहितो, आयोजकांपैकी कुणीतरी तो वाचतो आणि पुढे काय करायचे ते ठरवतो.

हे सगळे नीट समजण्यासाठी एकच उदाहरण घेऊ. समजा, सांगोला आणि आटपाडी भागातल्या डाळिंब उत्पादकांच्या एका गटाला तेल्या रोगावर वेबिनार घ्यायचा आहे. तेल्या हा जिवाणूंमुळे होणारा रोग. पावसाच्या उडणाऱ्या थेंबांबरोबर, रोगट रोपांतून आणि छाटणीच्या कात्रीवरूनही तो पसरतो. पाने, फांद्या आणि फळांवर तेलकट काळे डाग पडतात, पुढे फळ तडकते आणि बाजारात त्याला किंमत राहत नाही. विषय जिव्हाळ्याचा, त्यामुळे प्रश्न भरपूर येणार हे नक्की. वक्ते तीन आहेत: एक वनस्पती रोगतज्ज्ञ, निर्यातीचे निकष जाणणारे एक जाणकार आणि तेल्यातून बाग बाहेर काढलेला एक अनुभवी बागायतदार. वापरायचे आहे झूमचे वेबिनार.

झूमच्या नेहमीच्या खात्यात वेबिनार मिळत नाही. सशुल्क खात्यावर त्याची वेगळी जोड विकत घ्यावी लागते आणि तिची किंमत श्रोत्यांच्या कमाल संख्येवर ठरते. ही मर्यादा नोंदणी करणाऱ्यांना लागत नाही, एका वेळी आत असलेल्यांना लागते. मर्यादा भरल्यावर येणारा माणूस बाहेरच राहतो. म्हणून नोंदणीचा आकडा मर्यादेच्या पुढे जायला लागला, की आधीच मोठी क्षमता घ्यावी. ते जमणार नसेल, तर त्याच वेळी यूट्यूबवर थेट प्रक्षेपण ठेवता येते. पण यूट्यूबवरचा प्रेक्षक झूमच्या प्रश्नपेटीत काही लिहू शकत नाही, शिवाय त्याच्यापर्यंत चित्र काही सेकंद उशिरा पोहोचते. त्याचे प्रश्न यूट्यूबच्या चॅटमधून उचलायला वेगळा माणूस लागतो, हे ठरवताना लक्षात घ्यावे लागते.

मांडणी वेबसाइटवरून होते. खात्यात शिरून 'Webinars' या भागात 'Schedule a Webinar' निवडले की एक लांबलचक फॉर्म उघडतो. विषय, तारीख आणि वेळ भरणे सोपे असते. खरे निर्णय त्याच्या खाली असतात. पहिला निर्णय नोंदणीचा. नोंदणी ठेवली, तर प्रत्येक श्रोत्याला स्वतःची वेगळी लिंक ईमेलने जाते आणि प्रश्न विचारताना त्याने नोंदवलेले नाव प्रश्नाशेजारी दिसते. नोंदणी न ठेवता एकच लिंक सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली तर लोकांचे एक काम वाचते, पण मग पेटीत 'Redmi Note' किंवा 'Galaxy' अशा नावांनी प्रश्न येतात आणि विचारणारा कोण हे शेवटपर्यंत कळत नाही. तांत्रिक विषयावरच्या वेबिनारला नोंदणी ठेवावी, हेच बरे.

नोंदणीच्या फॉर्ममध्ये स्वतःचे प्रश्न घालता येतात. डाळिंबाच्या वेबिनारसाठी तीन पुरेसे आहेत: तालुका कोणता, बागेचे वय किती आणि बहार कोणता धरला आहे, आंबिया, मृग की हस्त. तेल्याच्या बाबतीत बहाराला फार महत्त्व आहे. मृग बहाराची फळे पावसाळ्यात झाडावर असतात, हस्त बहाराची नसतात, त्यामुळे रोगाचा धोका आणि उपाय दोन्ही बदलतात. आदल्या दिवशी नोंदणीची यादी उतरवून पाहिली, की मृगवाले किती आणि हस्तवाले किती हे वक्त्यांना सांगता येते आणि भाषण त्याप्रमाणे बेतता येते. मात्र ही उत्तरे नोंदणीच्या अहवालात राहतात, प्रश्नपेटीत दिसत नाहीत. म्हणून प्रश्न लिहिताना आधी बहार, मग बागेचे वय, मग प्रश्न, असे श्रोत्यांना सुरुवातीलाच सांगावे लागते. एवढ्या एका सूचनेने उत्तरांचा दर्जा किती सुधारतो, ते पहिल्या दहा प्रश्नांतच दिसून येते.

फॉर्म जतन झाल्यावर 'Invitations' या भागातून पॅनेलिस्टना बोलवायचे. तिथे प्रत्येक वक्त्याचे नाव आणि ईमेल पत्ता द्यायचा, की त्याला पॅनेलिस्टची लिंक जाते. ही लिंक त्याच्या एकट्याची असते, ती दुसऱ्याला पाठवायची नसते. वेबिनारमधला सर्वांत नेहमीचा गोंधळ इथेच होतो. वक्त्याला कौतुकाने कुणीतरी नोंदणीची जाहिरात पाठवते, तो भिडस्तपणे नोंदणीही करतो आणि आता त्याच्या ईमेलमध्ये दोन लिंक असतात. वेळेवर तो नोंदणीची लिंक दाबतो आणि श्रोत्यांत जाऊन बसतो. त्याला माइकचे बटण सापडत नाही, तो आयोजकांना फोन करतो आणि आयोजक त्याला आवाजाची सेटिंग तपासायला सांगत राहतात. खरे तर माइक न दिसणे हीच खूण आहे: ज्याच्या पडद्यावर माइक आणि कॅमेरा दोन्ही नाहीत, तो श्रोता म्हणून आलेला आहे. होस्टने सहभागींच्या यादीत 'Attendees' हा भाग उघडायचा, त्याचे नाव शोधायचे आणि 'Promote to Panelist' निवडायचे. वक्त्याच्या पडद्यावर आलेली विचारणा त्याने मान्य केली, की तो क्षणभर बाहेर पडल्यासारखा होतो आणि पॅनेलमध्ये परत येतो.

होस्ट हा शब्द इथे तांत्रिक अर्थाने आहे. वेबिनार सुरू करणे, थांबवणे आणि बाकीच्यांना अधिकार देणे ही कामे त्याची. सभेतला सूत्रसंचालक वेगळा. तो पॅनेलिस्ट म्हणून आला तरी चालतो. ही दोन्ही कामे एकाच माणसाने करू नयेत, कारण एकाला वक्त्यांकडे पाहायचे असते आणि दुसऱ्याला यंत्रणेकडे. त्याच संस्थेच्या खात्यातल्या आणखी एकाला 'Alternative Hosts' या रकान्यात आधीच नोंदवून ठेवले, तर होस्टकडची वीज गेली तरी वेबिनार वेळेवर सुरू होतो. वेबिनार चालू झाल्यावर कुणालाही सह-होस्ट करता येते, पण सुरू करण्याचा अधिकार सह-होस्टला नसतो. भारनियमनाच्या भागातून वेबिनार घेणाऱ्यांनी हा फरक विसरू नये. रेकॉर्डिंगही होस्टच्या संगणकावर न ठेवता झूमच्या क्लाउडवर ठेवावे, म्हणजे तो संगणक बंद पडला तरी ते तुटत नाही.

फॉर्ममधली 'Practice Session' ही चौकट जरूर चालू ठेवायची. ती चालू असेल, तर होस्ट आणि पॅनेलिस्ट आधी आत येऊन आवाज, प्रकाश आणि स्लाइड तपासू शकतात आणि तोवर श्रोत्यांना फक्त प्रतीक्षेची सूचना दिसते. ती चौकट रिकामी राहिली, तर होस्टने वेबिनार उघडताक्षणी बाहेर थांबलेले श्रोते आत येतात आणि 'माझा आवाज येतोय का' पासून खासगी गप्पांपर्यंत सारे ऐकतात. पडद्यावर वरच्या बाजूला सराव चालू असल्याची पट्टी आहे की नाही, हे वक्त्यांचे बोलणे सुरू होण्याआधी पाहावे. सर्व जमल्यावर 'Start Webinar' दाबले, की श्रोते आत येतात. त्यानंतर पुन्हा सरावाकडे जाता येत नाही, म्हणून ते बटण सूत्रसंचालकाने 'तयार' म्हटल्यावरच दाबायचे.

एवढी मांडणी कुणीही दोन-तीन वेबिनारांत शिकतो. प्रश्नपेटीचे तसे नाही. ती चालू करणे एका चौकटीचे काम आहे आणि ती चालवणे पूर्ण वेळाचे. बहुतेक ठिकाणी ती फक्त चालू केली जाते. मग शेवटच्या दहा मिनिटांत सूत्रसंचालक घाईघाईने वरचे चार प्रश्न वाचतो, त्यातले दोन एकच असतात आणि ज्याची बाग खरोखर अडचणीत आहे त्याचा प्रश्न चाळिसाव्या क्रमांकावर तसाच पडून राहतो.

थोडा हिशेब केला म्हणजे प्रश्नांची निवड का करावी लागते ते कळते. डाळिंबाचा वेबिनार दीड तासाचा आहे. प्रास्ताविकाला पाच मिनिटे, तिघांच्या मांडणीला चाळीस, समारोपाला पाच. प्रश्नांना उरली चाळीस मिनिटे. प्रश्न वाचणे, तो योग्य वक्त्याकडे देणे आणि उत्तर, हे सारे तीन मिनिटांत होते असे धरले तर तेरा प्रश्न होतात. पेटीत सत्तर आले तर सत्तावन्न उरतात. उत्तरे आखूड करून हे गणित सुटत नाही. फवारणीसारख्या विषयावर घाईत दिलेले अर्धे उत्तर धोक्याचेच असते. तेव्हा कोणते तेरा तोंडी घ्यायचे, कोणते लेखी निकालात काढायचे आणि कोणते नंतरसाठी ठेवायचे, हे ठरवणारा माणूस लागतो. त्याला इथे प्रश्नसंपादक म्हणू. त्याला पॅनेलिस्ट किंवा सह-होस्ट म्हणून आत घ्यायचे. कॅमेरा आणि माइक बंद ठेवून त्याने फक्त पेटीकडे पाहायचे.

पेटीची सेटिंग आधी ठरते. श्रोत्यांना इतरांचे प्रश्न दिसावेत की नाहीत, हा त्यातला मुख्य निर्णय. झूममध्ये याचे दोन पर्याय आहेत. 'Answered questions only' निवडले, तर श्रोत्याला स्वतःचा प्रश्न आणि उत्तर मिळालेले प्रश्न दिसतात. बाकीचे फक्त होस्ट आणि पॅनेलिस्टना दिसतात. 'All questions' निवडले, तर आलेला प्रत्येक प्रश्न त्याच क्षणी सगळ्यांना दिसतो. तेव्हा इतरांच्या प्रश्नाला अंगठा देऊन पाठिंबा देण्याची आणि त्याखाली टिप्पणी करण्याची मुभाही देता येते.

दोन्ही पर्यायांत काही मिळते आणि काही सुटते. सगळे प्रश्न दिसत असले, की लोक तोच प्रश्न पुन्हा लिहीत नाहीत, आधीच्याला अंगठा देतात. कशात लोकांचा जीव अडकला आहे, ते आकड्यात कळते. पण एखाद्याने औषध दुकानदाराचे नाव घेऊन आरोप केला, कुणी स्वतःचा फोन नंबर लिहिला किंवा कुणी एखाद्या खताची जाहिरात टाकली, तर ती काढून टाकेपर्यंत सर्वांनी वाचलेली असते. फक्त उत्तरित प्रश्न दाखवले, तर हा धोका राहत नाही. पण अंगठ्यांचा उपयोग संपतो, कारण जो प्रश्न दिसतच नाही त्याला पाठिंबा कसा देणार? शिवाय एकच प्रश्न वीस जण लिहितात.

अंगठ्यांच्या आकड्यावरही डोळे मिटून विसंबू नये. पहिल्या पाच मिनिटांत आलेला प्रश्न तासभर लोकांसमोर असतो आणि पंचावन्नाव्या मिनिटाला आलेला पाच मिनिटे. जुना प्रश्न वर, म्हणून अधिक लोकांना तोच दिसतो आणि त्यालाच आणखी अंगठे मिळतात. व्याख्यान ऐकून सुचलेले प्रश्न उशिरा येतात आणि बहुधा तेच अधिक नेमके असतात. प्रश्नसंपादकाने अंगठ्यांचा क्रम विचारात घ्यावा, पण यादीचा तळ नियमितपणे पाहावा.

खऱ्या अर्थाने नियंत्रित पेटीत मान्यता आणि उत्तर ही दोन वेगळी पावले असतात. मायक्रोसॉफ्ट टीम्समध्ये प्रश्नांवर नियंत्रण चालू केले, तर आलेला प्रश्न आधी 'In review' मध्ये थांबतो. आयोजकाने तो प्रसिद्ध केला की सर्वांना दिसतो आणि मग त्याला पाठिंबाही मिळू शकतो. ब्रातिस्लाव्हात तयार झालेली आणि 2021मध्ये सिस्कोने विकत घेतलेली स्लायडो ही सेवाही याच पद्धतीने चालवता येते आणि ती कोणत्याही वेबिनारशेजारी वेगळ्या खिडकीत उघडता येते. झूमच्या पेटीत 'Answered questions only' ठेवल्यावर ही दोन पावले एकच होतात: उत्तर दिले म्हणजेच मान्य केले. त्यामुळे झूममध्ये पेटी चालवणाऱ्याला प्रश्न वर आणण्यासाठी स्वतःची नजरच वापरावी लागते. डाळिंबाच्या वेबिनारसाठी तरीही हाच बंद पर्याय बरा. श्रोते एकमेकांना ओळखतात, औषधांच्या कंपन्यांची आणि दुकानांची नावे प्रश्नांत येणार आहेत, आणि चुकीचे प्रमाण लिहिलेला एखादा प्रश्न सल्ला समजून कुणी वाचला तर नुकसान बागेचे होते.

निनावी प्रश्नांची मुभा द्यायची का, हे विषयावर ठरवावे. आरोग्य, कर्ज किंवा कौटुंबिक वादाच्या विषयावर नाव लपवता आले तरच लोक खरे विचारतात. पिकाच्या विषयावर नाव असलेले बरे, कारण नंतर त्या माणसापर्यंत पोहोचायचे असते, आणि निनावी प्रश्नाला नंतर ईमेल करता येत नाही.

चॅट आणि प्रश्नपेटी दोन्ही उघडी ठेवली, की प्रश्न दोन ठिकाणी पडतात आणि चॅटमधले नमस्कारांच्या लोंढ्यात वाहून जातात. श्रोत्यांसाठी चॅट बंद ठेवून किंवा फक्त होस्ट आणि पॅनेलिस्टपर्यंत मर्यादित करून प्रश्न पेटीतच लिहायला सांगणे उत्तम. पॅनेलिस्टच्या आपसांतल्या निरोपांसाठी मात्र चॅट लागते. तिथे निरोप कुणाला जातो आहे ते दर वेळी पाहावे लागते, कारण 'Everyone' निवडलेले राहिले तर 'यांना आता थांबवा' हा निरोप सगळ्या श्रोत्यांपर्यंत जातो. अनुभवी मंडळी म्हणूनच आयोजकांचा वेगळा व्हॉट्सअॅप ग्रुप करतात आणि तो दुसऱ्या फोनवर उघडा ठेवतात.

आता वेबिनार चालू झाला आहे. पेटीच्या खिडकीत तीन कप्पे आहेत: 'Open', 'Answered' आणि 'Dismissed'. नवा प्रश्न पहिल्या कप्प्यात पडतो आणि त्याच्याशेजारी दोन मुख्य बटणे असतात. 'Answer live' दाबले, की हा प्रश्न तोंडी घेतला जात आहे अशी खूण लागते आणि उत्तर झाल्यावर तो बंद करायचा असतो. 'Type answer' दाबले, की लेखी उत्तर देता येते. तिथली 'Send privately' ही चौकट चालू केली तर ते उत्तर श्रोत्यांपैकी फक्त विचारणाऱ्याला दिसते. तिसरा मार्ग म्हणजे प्रश्न बाजूला काढणे. बाजूला काढलेला प्रश्न परत आणता येतो, पण विचारणाऱ्याला का काढला ते कळत नाही, म्हणून ते बटण जाहिराती आणि शिवीगाळ यांच्यासाठीच राखावे.

दहाव्या मिनिटाला पहिले प्रश्न येतात. 'पानावर काळे ठिपके आहेत, तेल्या आहे का?' असे चौघे विचारतात, कुणी मराठीत, कुणी रोमन लिपीत. याचे उत्तर तज्ज्ञही देऊ शकत नाही, कारण बुरशीमुळेही ठिपके पडतात आणि पाहिल्याशिवाय फरक सांगता येत नाही. पेटीत फक्त मजकूर लिहिता येतो, फोटो टाकता येत नाही. ही पेटीची खरी मर्यादा आहे आणि शेतीच्या, त्वचारोगाच्या किंवा यंत्रदुरुस्तीच्या वेबिनारमध्ये ती आधीच ध्यानात घ्यावी लागते. आयोजकांनी नोंदणीच्या ईमेलमध्ये फोटो पाठवायला एक नंबर दिलेला असेल, तर प्रश्नसंपादक चौघांनाही लेखी उत्तर देतो: पानाच्या दोन्ही बाजूंचा आणि फळाचा फोटो त्या नंबरवर पाठवा. आलेल्यांपैकी दोन स्पष्ट फोटो तो रोगतज्ज्ञांकडे देतो आणि ते पडद्यावर दाखवून फरक समजावतात. चार प्रश्नांचे उत्तर मिळते आणि तोंडी वेळ एकाचाच जातो.

पंचविसाव्या मिनिटाला फवारणीचे प्रश्न एकदम वाढतात, कारण वक्ते त्या मुद्द्यावर आले आहेत. त्यांतले पाच प्रश्न जवळजवळ सारखे आहेत. झूममध्ये प्रश्न एकत्र करता येत नाहीत, म्हणून संपादक त्यांतला सर्वांत तपशीलवार प्रश्न निवडतो: 'मृग बहार, बागेचे वय चार वर्षे, फळे लिंबाएवढी, गेल्या आठवड्यात सलग पाऊस, आता बोर्डो घ्यावे का?' यात वय, अवस्था आणि हवामान आले आहे, म्हणून उत्तर नेमके देता येते. बाकी चौघांना उत्तर संपल्यावर लेखी कळवायचे, की या मुद्द्याचे उत्तर आत्ता तोंडी दिले आहे. हे 'Dismiss' करण्यापेक्षा पाच सेकंद जास्त घेते, पण विचारणारा वाट पाहत बसत नाही आणि तोच प्रश्न पुन्हा लिहीत नाही.

पीक विमा आणि बाजारभाव यांचे प्रश्नही येतात. ते विषयाबाहेरचे असले तरी विचारणाऱ्याच्या दृष्टीने खरे असतात. त्यांना एका ओळीचे लेखी उत्तर द्यावे, हा विषय आज घेतलेला नाही आणि विचारणा तालुका कृषी कार्यालयात करावी. ही दोन-तीन ठरीव उत्तरे आधी एका फाइलमध्ये लिहून ठेवली, की तिथून उचलून चिकटवता येतात.

प्रश्न सूत्रसंचालकाकडे कसा पोहोचवायचा, हेही ठरलेले असावे. त्याने पेटी स्वतः वाचू नये. विचारणाऱ्याचे लिखाण घाईत फोनवर केलेले असते, त्यात विरामचिन्हे नसतात आणि एका प्रश्नात तीन प्रश्न असतात. आलेल्या प्रश्नाचे शब्द पेटीत दुरुस्त करता येत नाहीत. म्हणून संपादक तो दोन वाक्यांत नीट लिहून व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतो, शेवटी वक्त्याचे नाव आणि विचारणाऱ्याचे नाव-तालुका लिहितो. सूत्रसंचालक तेवढेच वाचतो. वाचून होताच संपादक पेटीत 'Answer live' दाबतो. इथे एक काळजी घ्यावी लागते. उत्तर झालेला प्रश्न मूळ शब्दांत आणि विचारणाऱ्याच्या नावासह सर्वांना दिसतो. मूळ मजकुरात दुकानाचे नाव किंवा फोन नंबर असेल, तर 'Answer live' न दाबता मुद्दा तोंडी घ्यावा आणि विचारणाऱ्याला खासगी उत्तरात तसे कळवावे.

बोलून झालेल्या वक्त्यांनाही पेटीत लेखी उत्तरे देता येतात आणि देणाऱ्याला ते फार आवडते. पण दोघांनी एकाच प्रश्नाला वेगवेगळी उत्तरे दिली, तर श्रोत्यांसमोर दोन मते कायमची राहतात. संपादकाने प्रश्न वाटून द्यावेत: औषधांच्या अवशेषांचे आणि फवारणी-काढणी यांतल्या अंतराचे प्रश्न निर्यातीच्या जाणकाराकडे, कात्री निर्जंतुक करण्याचे आणि छाटणीचे बागायतदाराकडे. औषधाचे प्रमाण लेखी द्यायचे असेल तर ते रोगतज्ज्ञांनीच लिहावे. दशांश चिन्ह चुकले तर दुरुस्त करायला तोंडी उत्तरासारखी संधी नसते.

काही प्रश्न लिहून संपत नाहीत, त्यांना उलटप्रश्न लागतो. अशा वेळी श्रोत्याला 'Allow to talk' देऊन बोलू द्यावे. त्याच्या फोनवर विचारणा येते, तो मान्य करतो आणि माइक उघडतो. दीड तासात दोघा-तिघांनाच ही संधी देणे परवडते, कारण आवाज जुळेपर्यंत अर्धे मिनिट जाते. कुणाला द्यायची ते संपादक आधी ठरवतो आणि त्या श्रोत्याला खासगी उत्तरात सांगून ठेवतो, म्हणजे तो इयरफोन लावून तयार असतो. बोलणे झाल्यावर परवानगी परत काढून घ्यायला विसरू नये.

सत्तर मिनिटांनी पेटीत किती प्रश्न उरले ते संपादक सूत्रसंचालकाला कळवतो. समजा, अकरा तोंडी झाले, सव्वीस लेखी झाले आणि तेहतीस शिल्लक आहेत. सूत्रसंचालक ते श्रोत्यांना सांगतो, आणखी दोनच प्रश्न घेणार असल्याचे जाहीर करतो आणि उरलेल्यांना ईमेलने उत्तर मिळेल असे कळवतो. हे आश्वासन पाळता येण्यासारखे असेल तरच द्यावे.

वेबिनार संपल्यावर पेटीतले सारे अहवालात मिळते. रेकॉर्डिंगच्या चित्रात प्रश्नपेटी दिसत नाही, म्हणून हा अहवाल उतरवून घेणे महत्त्वाचे. खात्याच्या 'Reports' विभागात 'Webinar' निवडून त्याखालचा 'Q&A Report' घेतला, की प्रश्न, विचारणाऱ्याचे नाव, ईमेल आणि दिलेली उत्तरे अशी सीएसव्ही फाइल मिळते. ती एक्सेलमध्ये सरळ उघडली, तर देवनागरीच्या जागी कधी कधी अगम्य चिन्हे दिसतात. फाइल खराब झालेली नसते, एक्सेलने लिपीचा संकेत चुकीचा धरलेला असतो. रिकामी एक्सेल उघडून 'Data' मधल्या 'From Text/CSV' ने ती फाइल आणायची आणि 'File Origin' मध्ये '65001: Unicode (UTF-8)' निवडायचे, की मराठी नीट वाचता येते.

नोंदणीचा अहवालही त्याच ठिकाणी मिळतो. ईमेल पत्ता दोन्हींत असल्यामुळे दोन्ही याद्या जुळवता येतात आणि उरलेल्या प्रत्येक प्रश्नाशेजारी तालुका, बागेचे वय आणि बहार आणून ठेवता येतो. तेहतीस प्रश्नांचे असे गट केले, की सात-आठ उत्तरांत ते बहुतेक संपतात. वक्त्यांनी ती उत्तरे दोन दिवसांत लिहून द्यावीत, एका कागदावर आणावीत आणि रेकॉर्डिंगच्या लिंकबरोबर सर्व नोंदणीधारकांना पाठवावीत. जे त्या दिवशी येऊ शकले नाहीत त्यांनाही ती जातात. विचारणाऱ्यांची नावे आणि ईमेल पत्ते मात्र त्या कागदावर ठेवायचे नाहीत, फक्त तालुका आणि बहार ठेवायचा.